विस्कळीत वाक्यांचा क्रम लावताना: सर्वनामे आणि जोडशब्द कसे वाचायचे

प्रश्न: वाक्यांचा योग्य क्रम लावून परिच्छेद तयार करा, या प्रकारात मी नेहमी शेवटच्या दोन पर्यायांत अडकतो. प्रत्येक वाक्याचा अर्थ कळतो, तरी क्रम चुकतो. हा, तो, त्यामुळे, मात्र अशा शब्दांवरून क्रम ओळखता येतो म्हणतात. तो नेमका कसा ओळखायचा?

उत्तर:

सगळी वाक्ये वाचायची, विषय समजून घ्यायचा आणि मग आपल्या मनाने गोष्ट रचायची, अशी बहुतेकांची सवय असते. ती गोष्ट तर्काला धरूनही असते. पण एकाच माहितीची गोष्ट दोन-तीन प्रकारे सांगता येते, आणि लेखकाने त्यांतला कोणता प्रकार निवडला हे माहितीवरून कळत नाही. ते त्याने वापरलेल्या जोडशब्दांवरून आणि सर्वनामांवरून कळते. हे दोन परिच्छेद पाहा.

बर्फ पाण्यावर तरंगतो. याचे कारण, गोठताना पाणी प्रसरण पावते. त्यामुळे बर्फाची घनता पाण्याहून कमी भरते.

गोठताना पाणी प्रसरण पावते. त्यामुळे बर्फाची घनता पाण्याहून कमी भरते. म्हणून तो पाण्यावर तरंगतो.

माहिती तीच आहे आणि दोन्ही परिच्छेद बरोबर आहेत. तरंगण्याचे वाक्य पहिल्यात सुरुवातीला आहे, तर दुसऱ्यात शेवटी. फरक पडला तो ‘याचे कारण’, ‘म्हणून’ आणि ‘तो’ या शब्दांमुळे. ‘याचे कारण’ म्हटले की परिणाम आधी सांगून झालेला असतो. ‘म्हणून’ म्हटले की कारण आधी येऊन गेलेले असते. ‘तो’ म्हटले की त्या लिंगाचे नाम आधी आलेले असते. कारण आधी की परिणाम आधी, हा प्रश्न तर्काने सोडवायला गेलात की फसाल. जोडशब्द काय म्हणतो तेवढेच बघा.

म्हणून पहिल्या वाचनात क्रम लावायचाच नाही. पहिल्या वाचनात प्रत्येक वाक्यातल्या अशा शब्दांखाली रेघ मारायची, जे आपल्या वाक्याबाहेर काहीतरी मागतात. ‘या पद्धतीने’ असे वाक्य आले तर ते आधी एक पद्धत मागते. ‘त्यांपैकी’ हा शब्द आधी अनेकांचा गट मागतो, आणि ‘दुसरा प्रकार’ आधी पहिला मागतो. प्रत्येक वाक्याची मागणी दोन-तीन शब्दांत समासात लिहा. दुसऱ्या वाचनात ती मागणी कोणते वाक्य पुरवते ते शोधा. अशा जोड्या सापडल्या की क्रम बराचसा आपोआप बसतो, आणि ज्या वाक्याची बाहेर काहीच मागणी नसते ते बहुधा पहिले असते. पहिले वाक्य शोधण्यापासून सुरुवात करू नका, कारण पहिले वाटू शकतील अशी दोन-तीन वाक्ये परीक्षक मुद्दाम ठेवतो.

आता सर्वनामांकडे येऊ. मराठीत सर्वनामाला लिंग आणि वचन असते, आणि क्रम लावणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र सगळी रूपे सारखी भरवशाची नाहीत. ‘तो’ फक्त पुल्लिंगी एकवचनी, तिथे घोळ नाही. ‘ती’ मात्र स्त्रीलिंगी एकवचनीही असते (ती माशी) आणि नपुंसकलिंगी अनेकवचनीही (ती फुले). ‘ते’ नपुंसकलिंगी एकवचनी (ते पोळे), पुल्लिंगी अनेकवचनी (ते डोंगर) आणि आदरार्थीही (ते शास्त्रज्ञ). ‘त्या’ स्त्रीलिंगी अनेकवचनी असते, आदरार्थी स्त्रीलिंगी असते, आणि शिवाय विभक्ती लागलेल्या कोणत्याही नामाआधी येते: त्या डोंगरावर, त्या माशीला, त्या पोळ्यात. ‘हा, ही, हे, ह्या’ यांचेही असेच.

मग ‘ती’ म्हणजे कोण हे कसे ठरवायचे? क्रियापद बघायचे. ‘ती उडते’ म्हणजे एक, ‘ती उमलतात’ म्हणजे अनेक. पण भूतकाळात ही खूण पुसली जाते: ‘ती पडली’ हे एका फांदीबद्दल असेल किंवा अनेक पानांबद्दल. ‘ते वितळले’ हे एका लोण्याबद्दलही असू शकते आणि अनेक हिमनगांबद्दलही. अशा वेळी घाईने एक नाम पकडू नका, दोन्ही शक्यता समासात लिहून ठेवा. विभक्तीच्या रूपांत तर आणखी मिसळ होते. ‘त्याला, त्याचा’ पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हींसाठी, ‘त्यांना, त्यांचा’ तिन्ही लिंगांच्या अनेकवचनासाठी आणि आदरार्थीही. ‘तिला, तिचा, तिने’ ही रूपे मात्र नेहमी एकच स्त्रीलिंगी नाम दाखवतात. त्यामुळे परिच्छेदात ‘तिचा’ दिसला की आधी तिथून जोडी लावायला घ्या.

‘हे’ आणि ‘ते’ यांचा आणखी एक उपयोग आहे. कधी कधी ‘हे’ एखाद्या नामाकडे बोट दाखवत नाही, तर आधीच्या पूर्ण विधानाकडे दाखवते: ‘हे शक्य झाले’, ‘यावरून दिसते’, ‘हे सारे’. तिथे नपुंसकलिंगी नाम शोधत बसलात तर भलतेच सापडेल. ‘हे’च्या जागी ‘वर सांगितलेली गोष्ट’ असे शब्द घालून वाचा. वाक्य सुरळीत चालले तर ते विधानदर्शक आहे आणि त्याच्या आधी अख्खे विधान लागते.

जवळचे आणि दूरचे यांतही फरक आहे. ‘या नाचात’, ‘ही रेषा’ अशी ‘हा’ घराण्यातली रूपे बहुतेक वेळा लगतच्या आधीच्या वाक्यातल्या गोष्टीला धरून असतात. ‘तो’ घराण्यातली रूपे एखादे वाक्य ओलांडूनही मागे जाऊ शकतात. म्हणून जोडी लिहिताना दोन वेगळ्या खुणा वापरा: एक ‘लगेच मागे’ यासाठी आणि एक ‘केव्हातरी आधी’ यासाठी. शेवटच्या दोन पर्यायांत अडकणे पुष्कळदा या दोन खुणा एकच समजल्यामुळे होते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या वाक्यातल्या वाक्यात फिटणाऱ्या सर्वनामांमुळे. ‘जो अभ्यास करतो, तो पास होतो’ यातला ‘तो’ मागच्या वाक्यातले काहीही मागत नाही. जो–तो, जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जितका–तितका, जर–तर या जोड्यांतला दुसरा शब्द त्याच वाक्यात मिटतो. ‘आपला, आपली’ हेही बहुधा त्याच वाक्यातल्या कर्त्याकडे जातात. अशा शब्दांखाली रेघ मारली असेल तर ती खोडून टाका, नाहीतर नसलेल्या मागण्या पुरवत बसाल.

हे सगळे एका उदाहरणावर लावून पाहू. सात वाक्ये आहेत.

अ. ही रेषा उभ्या दिशेशी जो कोन करते, तोच कोन फुलांकडे उडताना सूर्याच्या दिशेशी ठेवायचा असतो.

ब. या सांकेतिक नाचाचा अर्थ ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडून दाखवला आणि १९७३ साली त्यांना इतर दोघांसह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क. त्यांपैकी एखादीला मकरंदाने भरलेली फुले सापडली, की ती पोळ्यात परतून त्याच्या उभ्या पृष्ठभागावर नाचू लागते.

ड. पोळे अंधाऱ्या पोकळीत असेल, तर आजूबाजूच्या माश्यांना हे सारे डोळ्यांनी दिसत नाही. त्या नाचणाऱ्या माशीच्या अगदी जवळ राहून मिशांच्या स्पर्शाने ते समजून घेतात.

इ. मधमाश्यांच्या पोळ्यातून काही अनुभवी कामकरी माश्या फुलांच्या शोधात बाहेर पडतात.

फ. अंतर मात्र कोनातून नव्हे, तर थरथरत चालण्याला किती वेळ लागला यावरून कळते.

ग. या नाचात ती पोट थरथरवत एका सरळ रेषेत चालते, मग अर्धवर्तुळ घेऊन मूळ जागी येते आणि पुन्हा तीच रेषा गिरवते.

आधी रेघा. अ मध्ये ‘ही रेषा’ बाहेर मागते. ‘तोच कोन’ मात्र त्याच वाक्यातल्या ‘जो कोन’शी मिटतो, म्हणून तो सोडून द्या. ब मध्ये ‘या सांकेतिक नाचाचा’ बाहेर मागते. ‘त्यांना’ म्हणजे फ्रिश, ते तिथेच आहेत. क मध्ये ‘त्यांपैकी’ बाहेर मागते. ‘ती’ म्हणजे ‘एखादी’, ‘त्याच्या’ म्हणजे पोळ्याच्या, दोन्ही आतच. ड मध्ये ‘हे सारे’ बाहेर मागते. ‘त्या’ म्हणजे आजूबाजूच्या माश्या आणि शेवटचे ‘ते’ म्हणजे ‘हे सारे’, दोन्ही आतच. फ मध्ये ‘मात्र’ आणि ‘कोनातून नव्हे’ बाहेर मागतात. ‘यावरून’ हे ‘किती वेळ लागला’ याला धरून आहे. ग मध्ये ‘या नाचात’ आणि ‘ती’ अशा दोन मागण्या आहेत. इ मध्ये काहीच नाही.

बघा, चौदा-पंधरा शब्दांखाली रेघ मारता आली असती, पण बाहेर मागणारे जेमतेम निम्मे आहेत. ही चाळणी लावली की कोडे एकदम सोपे होते.

आता जोड्या. क मधल्या ‘त्यांपैकी’ला अनेकांचा गट हवा, आणि ‘एखादीला’ हे रूप सांगते की गट स्त्रीलिंगी आहे. इ मध्ये ‘काही अनुभवी कामकरी माश्या’ आहेत. इ–क पक्की. ड मध्येही माश्या आहेत, पण त्या ‘आजूबाजूच्या’, म्हणजे कोणाच्यातरी भोवतालच्या. शिवाय ड स्वतःच ‘हे सारे’ मागते, त्यामुळे ते क च्या आधी येऊच शकत नाही. इ मधला ‘काही’ हा शब्दही लक्षात ठेवा. मराठीत नवीन गोष्ट आणताना आपण पुष्कळदा ‘एक’, ‘एखादा’, ‘काही’ म्हणतो आणि दुसऱ्यांदा तिचा उल्लेख करताना ‘तो’, ‘या’, ‘त्या’ लावतो. ‘काही’ किंवा ‘एक’ असलेले वाक्य ‘त्या’ असलेल्या वाक्याच्या आधी, ही खूण फार कमी वेळा दगा देते.

ग मधली ‘ती’ चालते, गिरवते: क्रियापद एकवचनी, म्हणजे एक स्त्रीलिंगी नाम. इ मध्ये अनेक माश्या आहेत, त्यामुळे ग थेट इ च्या मागे बसणार नाही. क मध्ये एखादी आहे आणि ती नाचू लागते. ‘या नाचात’ आणि ‘ती’ या दोन्ही मागण्या एकट्या क ने पुरवल्या, म्हणून क–ग. इथे ‘नाचू लागते’ हे क्रियापद आहे आणि ‘या नाचात’ हे नाम. क्रियापदातली क्रिया पुढच्या वाक्यात नाम होऊन येणे, ही मराठीत नेहमीची जोडणी आहे. तोच शब्द शोधणाऱ्यांच्या हातून ती निसटते.

अ मधली ‘ही रेषा’ ग मधल्या ‘सरळ रेषेत’शी जुळते आणि ‘ही’ असल्यामुळे लगतची जागा मागते. ग–अ.

फ कडे जरा थांबून बघा, कारण ‘मात्र’ हा फार उपयोगाचा शब्द आहे. ‘पण’ आणि ‘परंतु’ वाक्याच्या सुरुवातीला येऊन दोन विधानांची तुलना करतात. ‘मात्र’ असा वापरला, की तो ज्या शब्दामागे बसतो त्या शब्दालाच वेगळे काढतो. ‘अंतर मात्र’ याचा अर्थ, आतापर्यंत अंतराव्यतिरिक्त कशाबद्दल तरी बोलणे चालू होते. कशाबद्दल? अ मध्ये दिशेबद्दल. आणि ‘कोनातून नव्हे’ यासाठी कोनाचा उल्लेख हवा, तो अ मध्येच आहे. अ–फ पक्की. इथे ‘अंतरही’ असते तर अर्थ उलट झाला असता: दिशा जशी कळते तसेच अंतरही. शब्दाला चिकटलेला हा ‘ही’ फार लहान असल्यामुळे डोळ्यांतून सुटतो, पण तो नेहमी सांगतो की असेच दुसऱ्या कशाबद्दल आधी म्हटले आहे. ‘सुद्धा’ आणि ‘देखील’ यांचेही तेच.

ड मधले ‘हे सारे’ विधानदर्शक आहे. एका गोष्टीला कोणी ‘सारे’ म्हणत नाही, म्हणून नाचाचे सगळे तपशील, म्हणजे ग, अ आणि फ, आधी यायला हवेत. राहिले ब. ते ‘या सांकेतिक नाचाचा’ असे म्हणते, आणि नाच काहीतरी सांगतो हे अ आणि फ मध्ये आल्यावरच त्याला सांकेतिक म्हणता येते. क्रम होतो: इ, क, ग, अ, फ, ड, ब.

पर्याय असे दिले असतील, असे धरू: पहिला इ-क-ग-अ-फ-ड-ब, दुसरा ब-इ-क-ग-अ-फ-ड, तिसरा इ-क-ग-फ-अ-ड-ब, चौथा इ-क-ग-अ-फ-ब-ड.

दुसऱ्या पर्यायाला पुष्कळ जण बळी पडतात. ब मध्ये शास्त्रज्ञाचे पूर्ण नाव आहे, देश आहे, साल आहे. परिच्छेदाची सुरुवात अशीच असते असे वाटते. पूर्ण नाव आणि ओळख ही पहिल्या उल्लेखाची खूण आहे हे खरे, आणि नंतर कुठे नुसते ‘फ्रिश’ आले असते तर ते वाक्य ब च्या मागेच गेले असते. पण ती खूण त्या माणसाच्या पहिल्या उल्लेखाची आहे, परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याची नव्हे. ‘या नाचाचा’ म्हटल्यावर ब पहिले होऊच शकत नाही.

तिसऱ्यात फ हे अ च्या आधी आहे. तिथे ‘कोनातून नव्हे’ म्हणताना कोन अजून आलेलाच नाही, आणि ‘ही रेषा’ आपल्या रेषेपासून तुटली. चौथा पर्याय सगळ्यात चकवा देणारा, कारण ड आणि ब ही दोन्ही वाक्ये शेवटाकडची वाटतात. इथे सांधा तपासा: ब संपते ‘नोबेल पारितोषिक मिळाले’ यावर, आणि लगेच ड मध्ये ‘आजूबाजूच्या माश्यांना हे सारे डोळ्यांनी दिसत नाही’. ‘हे सारे’ म्हणजे पारितोषिक, असा भलताच अर्थ निघतो. फ च्या मागे ड ठेवले की तेच ‘हे सारे’ कोन आणि वेळ यांना लागते. शेवटच्या दोन पर्यायांत अडकलात, की दोन्ही क्रमांत जिथे फरक आहे तेवढेच सांधे वाचा. अख्खा परिच्छेद पुन्हा वाचू नका. तो चार वेळा वाचला की कोणताही क्रम बरोबर वाटायला लागतो. आधीच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द आणि पुढच्याचे पहिले चार, एवढे पुरते. सर्वनामाच्या जागी तुम्ही ठरवलेले नाम घालून वाचा. चुकीचे असेल तर लगेच खटकते.

जोडशब्दांबद्दल थोडे उरले आहे. ‘शिवाय’, ‘तसेच’, ‘एवढेच नव्हे तर’ हे भर घालणारे शब्द त्याच प्रकारचा एक मुद्दा आधी मागतात. ‘एवढेच नव्हे तर’च्या मागे येणारा मुद्दा आधीच्यापेक्षा मोठा असतो, हे विसरू नका. ‘उदाहरणार्थ’ला आधी सर्वसाधारण विधान लागते आणि ते लगतचेच लागते. ‘याउलट’ला तोलामोलाचे विरुद्ध विधान हवे, नुसते वेगळे चालत नाही. ‘थोडक्यात’ आणि ‘एकंदरीत’ बहुधा शेवटी येतात, पण कधी कधी अर्ध्या परिच्छेदाचा समारोप करून लेखक पुढे जातो. त्यामुळे ते दिसले की डोळे मिटून शेवटी टाकू नका.

‘तेव्हा’ आणि ‘कारण’ यांच्याशी जपून राहा. ‘तेव्हा’ काळ दाखवतो आणि ‘म्हणून’ या अर्थानेही येतो: ‘तेव्हा हा प्रयोग सावलीत करावा’ यात काळाचा काही संबंध नाही, तो आधीच्या कारणावरून काढलेला निष्कर्ष आहे. ‘कारण’ वाक्याच्या मध्ये असेल, तर कारण आणि परिणाम दोन्ही त्याच वाक्यात असतात आणि त्याची बाहेर काही मागणी नसते. वाक्याच्या सुरुवातीला असेल, तरच आधी परिणामाचे वाक्य शोधा.

काही वेळा दोन वाक्यांमध्ये असे कोणतेच शब्द नसतात. तेव्हा शब्दांची जागा बघा. मराठीत आधीची ओळखीची गोष्ट पुष्कळदा वाक्याच्या सुरुवातीला आणि नवी गोष्ट क्रियापदाजवळ येते. ‘नदीच्या काठी एक किल्ला आहे’ आणि ‘किल्ल्याच्या तटाला चार बुरूज आहेत’ यांत एकही सर्वनाम नाही, तरी क्रम उघड आहे: पहिल्यात क्रियापदाजवळ आलेला किल्ला दुसऱ्यात सुरुवातीला गेला. एवढे करूनही दोन वाक्यांची अदलाबदल चालते असे दिसले, उदाहरणार्थ एकाच गोष्टीचे दोन फायदे दोन वेगळ्या वाक्यांत असले आणि दोन्हींत ‘शिवाय’ नसला, तर तिथे क्रम भाषेने ठरत नाही. अशा वेळी ती जोडी बाजूला ठेवा आणि उरलेल्या पक्क्या जोड्यांवरून पर्याय गाळा.